पहिली दोन मिनिटे : कार्यालयातील अग्निसरावाच्या चित्रफितीची संहिता

आगीची घंटा वाजली की माणसे घाबरून धावत सुटतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कार्यालयात घंटा वाजते तेव्हा बहुतेक माणसे जागेवरच असतात. कोणी मान वर करून शेजाऱ्याकडे पाहतो, कोणी हातातले वाक्य पुरे करतो, कोणी "पुन्हा चाचणी चालली असेल" असे म्हणून चहाचा पेला उचलतो. या काळात धूर मात्र आपले काम करीत असतो. म्हणून अग्निसरावाची चित्रफीत लिहावयास घेणाऱ्याने जिना उतरण्याच्या आधीच्या या दोन मिनिटांचा विचार सर्वप्रथम करावयास हवा.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. एका खोलीत विद्यार्थ्याला प्रश्नावली भरावयास बसविले आणि भिंतीतील झरोक्यातून हळूहळू धूर आत सोडला. विद्यार्थी एकटा असे तेव्हा शंभरांपैकी पंचाहत्तर या प्रमाणात विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन धुराची वर्दी दिली. परंतु प्रयोगकर्त्यांचे दोन सहायक त्याच्याजवळ स्वस्थ बसून लिहीत राहिले, तेव्हा दहा विद्यार्थ्यांपैकी केवळ एकाने वर्दी दिली. बाकीचे डोळे चोळीत, धूर हाताने बाजूला सारीत प्रश्नावली भरीत राहिले. धूर दिसत नव्हता असे नाही. शेजारचा स्वस्थ आहे, त्या अर्थी चिंतेचे कारण नसावे, असा निष्कर्ष प्रत्येकाने मनाशी काढला. कार्यालय म्हणजे अशीच एक मोठी खोली आहे. तेथे पाहावयाचा चेहरा शेजाऱ्याचा तर असतोच, त्याहून अधिक तो साहेबांचा असतो.

दुसरा अनुभव इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या भुयारी रेल्वेचा आहे. गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी एका स्थानकात वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना देऊन ते रिकामे करविले व आपले निष्कर्ष १९९१ साली मांडले. नुसती घंटा वाजविली तेव्हा बरेच प्रवासी फलाटावरच थांबून राहिले. काय घडले आहे आणि कोणत्या दिशेने जावयाचे हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा सुमारे सहा मिनिटांत स्थानक मोकळे झाले. घंटेने कान टवकारले जातात, पाय उचलले जातात ते अर्थपूर्ण वाक्याने, हा धडा संहितालेखकाने लक्षात ठेवावा.

भीती किती, नकाशा किती

अशा चित्रफितींचा आरंभ बहुधा ज्वाळांनी होतो. भयंकर दृश्ये पाहून माणूस सावध होईल, असा त्यामागील हेतू असतो. हावर्ड लेव्हेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीविषयी केलेला प्रयोग या समजुतीची मर्यादा दाखवितो. भीतिदायक माहिती वाचलेल्या विद्यार्थ्यांनी लस घेण्याचा मनोदय व्यक्त केला. पण प्रत्यक्षात लस टोचून घेतली ती शंभरांत तिघांनी. ज्यांना माहितीसोबत आरोग्यकेंद्राचा नकाशा दिला आणि आपल्या दिनक्रमात जाण्याची वेळ ठरवावयास सांगितली, त्यांच्यात हे प्रमाण अठ्ठावीसच्या आसपास गेले. आरोग्यकेंद्र कोठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीही ठाऊक होते. नकाशाने नवी माहिती दिली नाही. त्याने मनातील इच्छेला वाट आणि वेळ दिली.

आपल्या चित्रफितीतही तेच करावयाचे आहे. ज्वाळांना दहा सेकंद पुरेत. उरलेला वेळ प्रत्येकाला त्याच्या खुर्चीपासून रस्त्यापर्यंतची वाट दाखविण्यासाठी हवा. ही वाट त्याच्याच इमारतीतील असावी. परगावच्या चकचकीत इमारतीत चित्रित केलेली तयार फीत दाखविली, तर प्रेक्षक तिच्याकडे सिनेमा म्हणून पाहतो आणि विसरतो.

तीन घटना

वाटेचा प्रश्न किती निर्णायक असतो हे अलीकडील घटनांवरून दिसते. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईतील मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. हजारो माणसे बाहेर पडली, काहींना अग्निशामक दलाने शिड्या लावून खाली उतरविले, आणि पाच जण मृत्युमुखी पडले. १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर लागलेली आग सहाव्यापर्यंत चढली. कागदपत्रांची मोठी हानी झाली, पण माणसे वेळेत बाहेर पडल्यामुळे जीवितहानी झाली नाही. या दोहोंच्या दरम्यान, १ ऑगस्ट २०२२ रोजी, जबलपूर शहरात दमोह नाक्याजवळच्या एका खाजगी रुग्णालयात आठ जणांचा अंत झाला. तेथे आग खालच्या बाजूस लागली होती आणि ये-जा करण्याची वाट एकच होती.

जबलपूरच्या कोणत्याही कार्यालयात चित्रफीत दाखविताना ही तिसरी घटना प्रेक्षकांच्या मनात असतेच. तिचे चित्रण करण्याची गरज नाही आणि ते शिष्टसंमतही नाही. ती मनात जो प्रश्न उभा करते त्याला मात्र उत्तर द्यावे लागते. आपण रोज ज्या जिन्याने येतो तो धुराने भरला, तर दुसरी वाट कोणती?

लेखणीपूर्वी पायपीट

समजा, जबलपूरमधील एका कार्यालयासाठी अशी फीत लिहावयाची आहे. तळमजला आणि वर तीन मजले, एकशेवीस कर्मचारी, दिवसभरात पन्नास-साठ अभ्यागत. दर्शनी भागात रुंद जिना व उद्वाहन, मागील बाजूस एक अरुंद जिना. दुसऱ्या मजल्यावर, रुंद जिन्याला लागूनच, अभिलेखांची खोली. कागदांच्या गठ्ठ्यांनी ती छतापर्यंत भरलेली आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, वातानुकूलन यंत्रे दिवसभर चालतात आणि जुन्या तारांवर त्यांचा भार पडतो. आग कोठे लागण्याचा संभव अधिक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

संहितालेखकाने पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल आणि घड्याळ घेऊन ही इमारत चालावी. प्रत्येक मजल्यावरील सर्वांत दूरच्या खुर्चीवर बसावे, तेथून उठावे आणि मागच्या जिन्याने फाटकापर्यंत जावे. किती वळणे लागली, कोणती दारे लागली, ती कोणत्या बाजूला उघडतात, हे टिपून घ्यावे. एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला असे चालावे. कारण चहाच्या वेळी वाटेत जे उभे असते ते सकाळी नसते.

या पायपिटीत बहुधा तीन गोष्टी आढळतात. मागच्या जिन्याच्या पायथ्याशी चॅनेल गेट असते आणि चोरीच्या भीतीने त्याला कुलूप लावलेले असते. किल्ली कोणाकडे आहे हे विचारता दोन-तीन नावे पुढे येतात. जिन्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्या आणि लिलावाची वाट पाहणारी कपाटे ठेवलेली असतात. आणि जमण्याची जागा म्हणून पोर्च ठरविलेला असतो, जेथे वरच्या खिडक्यांच्या काचा पडू शकतात आणि अग्निशामक दलाची गाडीही येऊन थांबते.

येथे संहितालेखकाची खरी जबाबदारी सुरू होते. जे दार पडद्यावर सहज उघडताना दाखवावयाचे, ते प्रत्यक्षात सहज उघडले पाहिजे. चित्रीकरणापुरते कुलूप काढून नंतर पुन्हा लावले, तर ती चित्रफीत माणसांना सापळ्याकडे नेते. तिच्यावर विश्वास ठेवणारा कर्मचारी धुरातून तीन मजले उतरून बंद लोखंडी जाळीपाशी पोहोचेल. म्हणून कुलूप कायमचे निघावे, आतून हाताने सरकणारी कडी बसवावी, कपाटे हलवावीत, जमण्याची जागा बदलावी, आणि त्यानंतरच चित्रीकरणाची तारीख ठरवावी, अशी अट लेखकाने पहिल्याच बैठकीत लेखी मांडावी. नवी जागा ठरविताना ऋतूंचाही विचार हवा. मे महिन्याच्या उन्हात किंवा श्रावणातील पावसात उघड्यावर उभे केलेले लोक पाच मिनिटांत छपराखाली परततात. फाटकाजवळच्या वडाखाली किंवा समोरच्या आवारातील शेडमध्ये ते थांबतील.

संहिता : चार मिनिटे

चित्रफीत चार मिनिटांहून मोठी नसावी. निवेदन अडीचशे शब्दांच्या आत ठेवावे. दृश्याला बोलू द्यावे आणि घंटेला वाजू द्यावे. संहिता दोन स्तंभांत लिहावी, डावीकडे काय दिसते, उजवीकडे काय ऐकू येते. आपल्या नमुना कार्यालयासाठी ती पुढीलप्रमाणे होईल.

आरंभी तिसरा मजला, दुपारचे पावणेचार. लेखा विभागात नेहमीचे काम चालले आहे. शीर्षक नाही, संचालकांचे दोन शब्द नाहीत. आठव्या सेकंदाला घंटा वाजते. ही घंटा त्याच इमारतीतील, ध्वनिमुद्रित केलेली, खऱ्या आवाजाची असावी; पुढे ती ऐकू येताच चित्र आठवावे हा हेतू आहे. पुढील वीस सेकंद कोणीही उठत नाही. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जातो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो आहे. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद मोजणारे घड्याळ दिसते. प्रेक्षक येथे हसतो, कारण तो स्वतःला ओळखतो. ती वीस सेकंदे त्याच्या लक्षात राहतात.

मग सर्वांत कनिष्ठ व्यक्ती, म्हणजे शिपाई, बड्या बाबूंच्या टेबलापाशी येऊन म्हणतो, "बड़े बाबू, उठिए। दूसरी मंज़िल के रेकॉर्ड-रूम में आग है। पीछे वाली सीढ़ी से चलना है।" बडे बाबू समोरच्या फायलीकडे पाहतात, ती तशीच उघडी ठेवतात आणि उठतात. त्यांना उठलेले पाहून सारे उठतात. संहितेचे मर्म या तीन वाक्यांत आहे. जबलपूरच्या कार्यालयात सहज बोलली जाणारी हिंदी तेथे हवी; "अग्निकांड की स्थिति में निकटतम निकास का प्रयोग करें" ही परिपत्रकाची भाषा धुरात कोणाला आठवत नाही. काय, कोठे आणि कोणत्या वाटेने, एवढेच त्या तीन वाक्यांत आहे. शिवाय, साहेबांना उठा म्हणण्याचा अधिकार कनिष्ठालाही आहे, हे उपदेश न करता दिसून येते. साहेब स्वतः या दृश्यात काम करण्यास राजी असतील तर फारच उत्तम.

पुढच्या दृश्यात नेहमीचा जिना दिसतो. दोघे सवयीने त्याच्याकडे वळतात. दाराच्या फटीतून धूर येतो आहे. त्यांतील एक जण हाताच्या मागच्या बाजूने दार चाचपतो, ते गरम लागते, आणि दोघे न उघडताच मागे फिरतात. ही चूक मुद्दाम दाखवावी, कारण संकटात माणूस ओळखीच्या वाटेनेच जाऊ पाहतो. उद्वाहनापाशी कोणी थांबत नाही. वीज गेली तर ते मध्येच अडकते, आणि त्याच्या विहिरीतून धूर वर चढतो, एवढे एक वाक्य निवेदनात पुरे.

यानंतर कॅमेरा चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून मागची वाट चालतो. पाण्याचे यंत्र, त्यापुढचे निळे दार, दोन वळणांचा जिना, चॅनेल गेट, ते सरकविणारा हात, फाटक, वड. मध्ये कोठेही तोडजोड न करता हा प्रवास सलग दाखवावा. तोडलेल्या चित्रातून वाट लक्षात राहत नाही. वाटेत धूर भेटलाच तर जमिनीलगत वाकून चालावे, कारण तापलेला धूर वर साठतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. शेवटचा माणूस आपल्यामागे दार ओढून घेतो, कुलूप लावीत नाही. बंद दार जिन्यात शिरणारा धूर काही काळ थोपवून धरते.

त्यानंतर चार माणसांची चार कामे, प्रत्येकी दहा सेकंदांत. मजल्याची जबाबदारी असलेली व्यक्ती प्रसाधनगृहे पाहून येते. कुबड्यांवर चालणाऱ्या सहकाऱ्यासोबत आधीच ठरलेले दोघे जण आहेत. कसे उतरावयाचे हे त्या सहकाऱ्यानेच त्यांना सांगितलेले आहे. फाटकावरील पहारेकरी अभ्यागतांची नोंदवही उचलून बाहेर नेतो. दूरध्वनी कक्षातील व्यक्ती बाहेर आल्यावर १०१ क्रमांक फिरवून पत्ता आणि जवळची खूण सांगते. या भूमिका प्रत्यक्षात ज्यांच्याकडे ती कामे आहेत त्यांनीच कराव्यात.

वडाखाली हजेरी होते. एक नाव कमी पडते. सहकारी आत धावू पाहतो, दुसरा त्याचा दंड धरतो, आणि हजेरी घेणारा ते नाव अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याला सांगतो. हरवलेला माणूस सापडला की नाही, हे दाखवू नये. परत जावयाचे नाही, ही गोष्ट त्या अपुऱ्या शेवटामुळे मनात घर करते.

शेवटी पडदा काळा होतो आणि खरी घंटा पुन्हा वाजते. निवेदक म्हणतो, "अब आप उठिए।" दिवे लागतात आणि प्रेक्षक उठून मागच्या जिन्याने वडापर्यंत चालत जातात. चित्रफितीचा उरलेला भाग त्यांच्या पायांनी पुरा होतो. ज्या जिन्यावरून माणूस एकदाही उतरलेला नाही, तो त्याला धुरात आठवणार नाही.

काय वगळावे

अशा संहितेत आगीचे प्रकार, अग्निशामक नळकांड्यांचे रंग, नियमांची कलमे हे सारे घालण्याचा आग्रह समित्या धरतात. हे ज्ञान निरुपयोगी नाही, पण त्याची जागा वेगळ्या प्रशिक्षणात आहे. नळकांडे चालविणे हे शिकलेल्या मोजक्या माणसांचे काम आहे, तेही आग केराच्या टोपलीएवढी असताना आणि पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असताना. सर्वांना दाखविल्या जाणाऱ्या फितीत ते आले, की उठून निघण्याऐवजी आग विझविण्यासाठी गर्दी जमते. एकशेवीस माणसांना एकच गोष्ट सांगावयाची आहे : ऐकताच उठा आणि मागच्या जिन्याने जा.

परिणाम कसा ओळखावा

फीत सर्वांना आवडली, टाळ्या पडल्या, यावरून काही सिद्ध होत नाही. कसोटी सरावाची आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील मार्गदर्शनानुसार उंच इमारतींत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी सराव अपेक्षित आहे. छोट्या कार्यालयालाही हाच क्रम सोयीचा पडेल. फीत दाखविल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, दिवस न सांगता सराव घ्यावा आणि तीन आकडे टिपावेत. घंटा वाजल्यापासून प्रत्येक मजल्यावरील पहिला माणूस किती सेकंदांनी उठला, शेवटचा किती वेळाने बाहेर पडला, आणि मागच्या जिन्याने किती जण आले.

समजा, एकूण पाच मिनिटे लागली आणि त्यांपैकी दीड मिनिट उठण्यातच गेले, तर दोष जिन्याचा नाही. घंटेनंतरची घोषणा आणि आरंभीची दृश्ये पुन्हा पाहावयास हवीत. उठणे चटकन झाले पण नव्वद माणसे रुंद जिन्यानेच उतरली, तर सलग वाटेचे दृश्य कमी पडले आहे, किंवा मागच्या वाटेत पुन्हा काही ठेवले गेले आहे. सरावात रुंद जिन्याच्या दाराशी "येथे धूर आहे" असा फलक घेऊन एक माणूस उभा केला, म्हणजे हे निश्चित कळते.

चित्रफितीला वयही असते. खोल्यांची अदलाबदल झाली, नवी भिंत उभी राहिली, वडाखाली वाहनतळ झाला, की तिच्यातील ते दृश्य खोटे होते. म्हणून संहितेच्या अखेरीस एका व्यक्तीच्या पदनामासह ओळ असावी : दर सहा महिन्यांनी या पदावरील व्यक्तीने फीत हाती घेऊन तीच वाट चालावी आणि पडद्यावरील प्रत्येक दार स्वतः उघडून पाहावे. एकही दार उघडले नाही, तर ते दार उघडेपर्यंत फीत दाखवू नये.